गौरीजेवणानंतरची रात्र: जडपणा, जळजळ आणि सकाळचे जुलाब

प्रश्न: वय ४२, घरी दरवर्षी गौरी असतात. स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळे पहाटे पाचपासून तीनदा चहा आणि बाकी काही नाही. नैवेद्य, सवाष्णी, पुरुषांची पंगत हे सगळं होऊन मी तीन वाजता जेवले. तीन पुरणपोळ्या तूप-दुधाबरोबर, कटाची आमटी, भजी, कुरडई, मसालेभात, खीर. मग तासभर झोपले. रात्री साडेनऊला उरलेल्या दोन पोळ्या दुधात कुस्करून खाल्ल्या. एक वाजता छातीत जळजळ, तोंडात आंबट पाणी. पँटोप्राझोल घेतली, काही फरक नाही. सकाळी पोट दगडासारखं, करपट ढेकर, दुपारपर्यंत चार वेळा पातळ झालं. ताप नाही. सासूबाई म्हणतात तूप बाधलं, नवरा म्हणतो भज्यांचं तेल. दिराने माझ्या दुप्पट खाल्लं, त्याला काहीच नाही. नेमकं काय बाधतं?

उत्तर:

ताई, तुमच्या सासूबाई जडपणाबद्दल बरोबर आहेत आणि जुलाबांबद्दल चूक. तुम्हाला झालेला त्रास एक नाही, तीन आहेत. ते पोटात तीन वेगळ्या ठिकाणी, तीन वेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या वेळी झाले. आपण सगळ्याला मिळून ‘बाधलं’ म्हणतो आणि ताटातला एकच गुन्हेगार शोधत बसतो, म्हणून दरवर्षी तूप कमी करूनही सकाळ तशीच उजाडते. मी साताऱ्याकडे २६ वर्षं प्रॅक्टिस करतो. गौरी, होळी आणि लक्ष्मीपूजन यांच्या दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर कोण बसलेलं असणार, हे मला आदल्या दिवशीच माहीत असतं. तुम्ही वेळा लिहिल्यात हे फार चांगलं केलंत, कारण खरं उत्तर त्या वेळांमध्येच आहे.

आधी जडपणा. जठर ही नुसती पिशवी नाही, ते एक पहारेकरीही आहे. खाल्लेलं घुसळून पातळ करायचं आणि पुढे लहान आतड्यात थोडं थोडं सोडायचं, हे त्याचं काम. किती सोडायचं हे ते अन्नाच्या वजनावर ठरवत नाही, त्यातल्या उष्मांकांवर ठरवतं. ढोबळमानाने मिनिटाला ३ कॅलरी, जेवण मोठं असेल तर ४ च्या आसपास. म्हणजे तासाला १८० ते २४०. साधं वरण-भात-भाजी-पोळीचं ५००-६०० कॅलरींचं जेवण तीन तासांत पुढे सरकतं आणि चौथ्या तासाला आपल्याला भूक लागते. हा वेग तुम्ही ओव्याने, सोड्याने किंवा शतपावलीने दुप्पट करू शकत नाही.

आता तुमचं ताट मांडू. घरची बेताची पुरणपोळी, डाळ-गूळ-कणीक धरून, साधारण ३०० कॅलरींची असते. तीन पोळ्यांचे ९००. प्रत्येकीवर मोठा चमचाभर तूप म्हणजे आणखी पावणेचारशे. वाटीभर दूध १३०, चार-पाच भजी अडीचशे, दोन कुरडया सव्वाशे, मसालेभात दोनशे, खीर दोनशे, दोन वाट्या आमटी शंभर-सव्वाशे. बेरीज २,३०० च्या घरात जाते. आकडे घरोघरी बदलतील, पण फार नाही. त्या दिवशी प्रत्येक पदार्थ ‘थोडासाच’ असतो, फक्त असे थोडे-थोडे पदार्थ आठ असतात.

२,३०० ला तासाला १८० ने भागा, जवळजवळ तेरा तास येतात. २४० ने भागा, साडेनऊ तास. तुम्ही तीनला जेवलात. रात्री साडेनऊला परत बसलात तेव्हा दुपारच्या जेवणाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग अजून जठरातच होता. त्यावर तुम्ही आणखी सातशे-साडेसातशे कॅलरी ठेवल्या. सकाळी जे दगडासारखं वाटत होतं ते काही रूपक नाही. पहाटे उशिरापर्यंत तिथे खरंच अन्न होतं आणि जठर रात्रभर राबत होतं. करपट ढेकर म्हणजे त्या साठलेल्या अन्नाचा वर येणारा वास.

सासूबाईंचं तूप इथे येतं. तुमच्या दुपारच्या ताटात तूप, तळणातलं तेल आणि दुधातली साय मिळून १०० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश होता. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, डाळ-गूळ-कणकेच्या एका ग्रॅमला ४. म्हणून दिसायला थोडं असलेलं तूप हिशेबात मोठी जागा घेतं. शिवाय तूप-तेल लहान आतड्यात उतरलं की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतात. ते पित्ताशयाला सांगतं, आकुंचन पाव आणि पित्त सोड. आणि जठराला सांगतं, जरा थांब, आधीचं पचू दे. तूप जड म्हणतात ते याच अर्थाने. ते बिघाड करत नाही, ते रांग लांबवतं.

दुसरा त्रास जळजळीचा. जठराच्या तोंडाशी, अन्ननलिका जिथे येऊन मिळते तिथे, स्नायूंचं एक कडं असतं. आपण त्याला झडप म्हणू. एरवी ते मिटलेलं असतं, पण जठराचा वरचा भाग ताणला गेला की ते अधूनमधून काही सेकंद आपोआप सैल होतं. ढेकर बाहेर पडायला ही सोय आहे. पोट तुडुंब असेल तर ही सैल पडण्याची वेळ वारंवार येते, आणि तुपाने सुटलेलं वर सांगितलेलं संप्रेरक त्या कड्याला आणखी ढिलं करतं. सोड्याची बाटली पिऊन ‘ढेकर काढणारे’ नेमकं हेच करतात. वायू भरून पिशवी आणखी ताणायची, झडप उघडायची, आणि ढेकरेबरोबर आम्लही वर आणायचं.

यात एक गंमत आहे, जी पुष्कळांना माहीत नसते. जेवल्यावर जठरातलं आम्ल अन्नात मिसळून सौम्य होतं, पण सगळं नाही. नव्याने सुटलेल्या आम्लाचा एक थर अन्नाच्या वर, अगदी झडपेच्या खाली तरंगत राहतो. तुम्ही उभ्या किंवा बसलेल्या असाल तर तो खालीच राहतो. आडव्या झालात की तोच पहिला अन्ननलिकेत शिरतो. रात्री एकला जळजळ झाली ती म्हणून. जठर भरलेलं, झडप ढिली आणि तुम्ही आडव्या.

झोपायचंच झालं तर कोणत्या कुशीवर, यालाही उत्तर आहे. जठर डावीकडे झुकलेलं असतं. डाव्या कुशीवर झोपलं की त्याचा फुगीर भाग खाली जातो आणि झडप आम्लाच्या पातळीच्या वर राहते. उजव्या कुशीवर नेमकं उलटं होतं, झडप आम्लात बुडते. वामकुक्षी हा शब्दच ‘डावी कूस’ सांगतो. आपण त्यातली कूस विसरलो आणि डुलकी तेवढी ठेवली. माझी आई जेवणानंतर भिंतीकडे तोंड करून झोपायची. तिचं अंथरूण नेमकं असं होतं की भिंतीकडे तोंड म्हणजे डावी कूस. तिला कारण माहीत नव्हतं, पण उजवीकडे वळलं की घशाशी येतं एवढं ठाऊक होतं.

पँटोप्राझोलचा उपयोग का झाला नाही? तुम्ही ती वेळ टळल्यावर घेतलीत. आम्ल तयार करणारे जठरातले पंप जेवणाच्या चाहुलीने जागे होतात आणि ही गोळी फक्त जाग्या पंपांना बंद करते. तीही आधी आतड्यातून रक्तात जाऊन तिथून पंपापर्यंत पोचावी लागते. म्हणून ती जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायची असते, आणि तिचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस रोज घ्यावी लागते. मध्यरात्री, भरल्या पोटावर, आधीच वर आलेल्या आम्लावर ती काय करणार? अशा वेळी कामाला येतं ते साधं पातळ अँटासिड, दोन चमचे. अल्जिनेट असलेलं मिळालं तर आणखी चांगलं, कारण ते त्या तरंगत्या आम्लाच्या थरावर सायीसारखा तवंग धरतं. फसफसणारी सोड्याची पावडर मात्र तुडुंब पोटावर घेऊ नका. तिच्यात सोडियम भरपूर असतं, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर दूरच राहावं, आणि ताणलेल्या पिशवीत आणखी वायू भरण्यात शहाणपण नाही.

आता तिसरा त्रास, जुलाब. तुमच्या घरात त्याचाच सगळ्यात चुकीचा गुन्हेगार पकडला गेलाय.

निरोगी माणसाचं स्वादुपिंड आणि पित्त मिळून दिवसाला १०० ग्रॅम तूप-तेल निभावून नेतात. थोडं जास्त पित्त मोठ्या आतड्यापर्यंत गेलं तर शौच सैल होऊ शकतं, आणि ज्यांचं पित्ताशय काढलेलं आहे त्यांना हे जास्त जाणवतं. पण तुमच्याबद्दल वाचताना माझी नजर तुपावर थांबलीच नाही, ती दुधावर थांबली. दुपारी पोळीबरोबर वाटीभर दूध. खीर. रात्री पुन्हा दूध. शिवाय दिवसभरात तीन चहा.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, १०० मिलिलिटरला साधारण पाच ग्रॅम. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर तान्ह्या बाळाकडे भरपूर असतं आणि वयाबरोबर पुष्कळांमध्ये उतरत जातं. आपल्याकडच्या बहुसंख्य मोठ्या माणसांमध्ये ते कमी असतं. तो रोग नाही, जगातल्या बहुतेक प्रौढांची तीच स्थिती आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे. अशी माणसंही एका वेळी १०-१२ ग्रॅम लॅक्टोज सहसा निभावतात, म्हणूनच रोजच्या चहाने किंवा एका कप दुधाने तुम्हाला काही होत नाही आणि ‘मला दूध चालतं’ असं तुम्ही खात्रीने सांगता. त्या दिवशी मात्र दुपारच्या एका बैठकीत दूध आणि खीर मिळून २० ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज गेलं, आणि रात्री आणखी दहा.

बासुंदी असती तर आणखी. लिटरभर दूध आटवून चारशे मिलिलिटरवर आणलं की पाणी उडतं, लॅक्टोज तिथेच राहतं. दीडशे मिलिलिटरची एक वाटी बासुंदी म्हणजे पावणेचारशे मिलिलिटर दुधाचं लॅक्टोज, अठरा-एकोणीस ग्रॅम. खव्याचंही तेच. याउलट श्रीखंड. चक्का बांधताना निघून जाणाऱ्या पाण्याबरोबर बरंच लॅक्टोज जातं आणि उरलेल्यातलं काही दह्याच्या जिवाणूंनी आधीच खाल्लेलं असतं. श्रीखंड जड आहे, साखरेने भरलेलं आहे, पण जुलाबांच्या खटल्यात त्याच्यावरचा आरोप हलका. आणि ज्याच्यावर सगळ्यांचं बोट आहे त्या तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच.

दुसरी साथीदार आहे हरभऱ्याची डाळ. तिच्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा छोट्या साखळीच्या साखरा असतात. त्या तोडणारं विकर कोणत्याच माणसाच्या आतड्यात नसतं, तुमच्या दिराच्याही नाही. तीन पोळ्यांच्या पुरणात पाऊण वाटी तरी कोरडी डाळ गेली. या साखरा पाण्यात विरघळतात. डाळ शिजवून कट काढला की त्यांचा एक भाग पुरणातून निघून येळवणीत उतरतो. पुरण त्यामुळे थोडं हलकं होतं. आणि मग आपण त्याच येळवणीची आमटी करून दोन वाट्या पितो! कट फेकून द्या असं मी अजिबात म्हणणार नाही, कटाच्या आमटीशिवाय पुरणपोळी मलाही मान्य नाही. पण पोट डब्ब होणाऱ्या माणसाने पोळी खावी आणि आमटीवर हात आखडता घ्यावा. डाळ रात्रभर भिजवून ते पाणी टाकून मग शिजवली तरी फरक पडतो. कुकरमध्ये बेताच्या पाण्यात शिजवून कट काढायचाच नाही, अशी आजची घाईची पद्धत असेल तर सगळ्या साखरा पुरणातच राहतात.

हे दुसऱ्या दिवशीच का? न पचलेलं लॅक्टोज आणि डाळीच्या साखरा लहान आतड्यातून जाताना आपल्याबरोबर पाणी ओढून घेतात. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला त्यांचा पहिला भाग पोचायला साधारण चार ते सहा तास लागतात. पण तुमचं जठरच दहा-बारा तास रिकामं होत होतं, त्यामुळे हा पुरवठा रात्रभर चालू राहिला. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर तुटून पडले, वायू तयार झाला, गुडगुड सुरू झाली. सकाळी उठून तुम्ही पहिला चहा घेतलात आणि जठरात काही पडलं की मोठ्या आतड्याला जी नैसर्गिक चालना मिळते तिने साठलेलं सगळं पाणी आणि वायू बाहेर काढला. दुपारपर्यंत मालमसाला संपला आणि जुलाब थांबले. हेच त्याचं लक्षण आहे. ज्या साखरेमुळे हे होतं ती संपली की थांबतं, झोपेतून उठवत नाही, फेसकट असतं, वायू भरपूर असतो, आणि शौचाच्या जागी थोडी आगही होते.

दिराला काही झालं नाही याचं कारण आता लक्षात आलं असेल. सख्ख्या भावा-बहिणींतसुद्धा एकाचं लॅक्टेज टिकलेलं असतं, एकाचं उतरलेलं. शिवाय तो दीडला पहिल्या पंगतीत जेवला असणार, सकाळी पोहे खाऊन. तुम्ही दहा तास नुसत्या चहावर राहून तीनला बसलात, दमलेल्या, आणि भूक इतकी की पोट भरल्याची जाणीव पोचायच्या आत तिसरी पोळी झाली होती. हा पंगतींच्या क्रमाचा प्रश्न आहे, त्यावर औषध माझ्याकडे नाही.

नवऱ्याच्या भज्यांच्या तेलाबद्दल दोन शब्द. घरच्या ताज्या तेलातली पाच भजी हे कॅलरींच्या हिशेबातले अडीचशे, त्यापलीकडे काही नाही. कढईतलं तेल काळं पडलंय, फेस धरतंय, चिकट झालंय आणि तरी त्यातच दुसऱ्या दिवशीचं तळण होतंय, तर घसा धरणं, मळमळ, जळजळ होऊ शकते. पण चार वेळा पातळ होण्याचा संबंध त्याच्याशी नाही.

हा त्रास आणि अन्नातून झालेली बाधा वेगळी कशी ओळखायची, हे नीट पाहा, कारण सणात दोन्ही होतात. खव्याच्या मिठाईला हात खूप लागतात, आणि हाताला छोटीशी जखम किंवा फोड असेल तर स्टॅफिलोकॉकस तिच्यात उतरतो. मिठाई उबेत पडून राहिली की तो तिथे विष तयार करतो. नंतर ती गरम केली तरी जंतू मरतो, विष उरतं. याचा त्रास खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत सुरू होतो, आणि मुख्य लक्षण उलट्या, धडाधड. सकाळचा भात दिवसभर बाहेर राहून रात्री फोडणीला टाकला तर बॅसिलस सीरियस नावाचा जंतू असंच करतो. एकाच मिठाईचे किंवा एकाच भाताचे चार वाटेकरी एकाच वेळी आडवे पडले, तर ते अपचन नव्हे. ताप, शौचात रक्त किंवा आव, काही न खाताही चालूच राहिलेले पाण्यासारखे जुलाब, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांतलं काहीही असेल तर जंतूंचा संशय धरायचा आणि दाखवायचं. तुमच्यात यांतलं काही नव्हतं.

घरात कुणी मधुमेही असेल तर एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती गोळ्यांच्या पाकिटावर कुणी वाचत नाही. व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज ही औषधं पिष्ट आणि साखर आतड्यात तुटू देत नाहीत, तेच त्यांचं काम. त्यांच्यावर पुरणपोळी खाल्ली की न तुटलेली साखर सरळ मोठ्या आतड्यात जाते, आणि ज्याचं लॅक्टेज ठणठणीत आहे त्यालाही तुमच्यासारखेच जुलाब होतात. मेटफॉर्मिननेही काहींना पातळ होतं. आणि ‘शुगरफ्री’ मिठाईत मॅल्टिटॉल, सॉर्बिटॉल असतात, ते अर्धवटच शोषले जातात. मधुमेही सासरे ‘हे तर शुगरफ्री’ म्हणून सहा काजूकतल्या खातात आणि सकाळी दोष पाण्याला देतात, हे मी दर दिवाळीत बघतो.

या त्रासाच्या आडून येणाऱ्या दोन गोष्टींना मात्र मी घाबरतो. एक, पित्ताशयातले खडे. तुपकट जेवणानंतर तासा-दोन तासांत उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या मधोमध चढत जाणारी, अर्धा तास ते काही तास टिकणारी, उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जाणारी कळ. तिला जळजळ म्हणू नका, सोनोग्राफी करा. कळ थेट पाठीत आरपार गेली आणि उलट्या थांबेनात, तर स्वादुपिंडाला सूज आली असू शकते, मग घरी थांबायचं नाही. दुसरी गोष्ट हृदय. काही वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या रात्री एक पन्नाशी ओलांडलेले मधुमेही गृहस्थ ‘अ‍ॅसिडिटी झालीय, इंजेक्शन द्या’ म्हणून आले. जळजळ छातीच्या मधोमध, कपाळावर गार घाम. ईसीजी काढला तर झटका चालू होता. घाम, दम, जबड्यात किंवा डाव्या हातात भरून येणं, आणि चालल्यावर वाढणारी जळजळ असेल तर अँटासिडच्या बाटलीला हात लावण्याआधी ईसीजी.

आता तुमच्यासाठी नेमकं काय. पुन्हा अशी रात्र आलीच तर उठून बसा, दोन चमचे अँटासिड घ्या, डोक्याकडचे पलंगाचे पाय विटा लावून अर्धा फूट उंच करा आणि डाव्या कुशीवर झोपा. नुसती दुसरी उशी घेऊन मान वाकवल्याने पोट आणखी दाबलं जातं, त्याचा उपयोग नाही. सकाळी भूक लागेपर्यंत काही खाऊ नका, पण पाणी प्या. लागली की मऊ भात, पातळ मुगाचं वरण, किंवा पेज. दूध दोन दिवस बंद. चहा हवाच असेल तर दुधाचा थेंब टाकून. ताक थोडं चालतं. दोनपेक्षा जास्त वेळा पातळ झालं की ओआरएसचं लिटरभराचं पाकीट तेवढ्याच पाण्यात घालून घोट घोट प्या. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, याहून मीठ जास्त नको. जुलाब रोखणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळीची या जुलाबांना गरज नसते, ताप किंवा रक्त असेल तर तिला हातही लावू नये. आणि मेडिकलवाल्याकडून मिळणारी नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची किंवा ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी कृपया घेऊ नका. हे जुलाब दुपारी तसेही थांबणार असतात, श्रेय गोळीला मिळतं, आणि पुढच्या सणाला ती घरातच ठेवलेली असते.

दूधच कारण आहे का, याची खात्री घरी करता येते. एखाद्या सुट्टीच्या सकाळी उपाशीपोटी ४०० मिलिलिटर साधं दूध प्या, साखर न घालता, आणि चार-सहा तास दुसरं काही खाऊ नका. पोट फुगलं, गुडगुडलं, पातळ झालं, तर उत्तर मिळालं. काहीच झालं नाही तर माझा तर्क चुकला, मग पुढच्या वेळी फक्त आमटी आणि पुरणाचं प्रमाण बदलून पाहा. मोठ्या शहरांत श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी होते, पण या घरगुती प्रयोगानंतर तिची गरज क्वचितच पडते.

पुढच्या गौरींना एवढं करून बघा. पहाटे चहाबरोबर नाही, पण आठ-नऊला काहीतरी खा, देवघरात बसणाऱ्याला उपास असेल, स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्याला नाही. पोळी तुपाबरोबर खा, दूध नको. खीर किंवा आमटी, दोन्हींतलं एक. जेवल्यावर दोन-तीन तास आडव्या होऊ नका, पाय मोकळे करायला वीस मिनिटं चाला. रात्री भूक नसेल तर जेवूच नका, दुपारचं अजून आत आहे. उरलेल्या पोळ्या दुसऱ्या दिवशी दुपारी तव्यावर तुपात खरपूस करून खा, तशाही त्या शिळ्याच जास्त छान लागतात.

एवढं करूनही सण नसताना महिन्यात दोन-तीनदा अशी जळजळ होत असेल, गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौच काळं होत असेल, तर सणाला दोष न देता एंडोस्कोपीचं डॉक्टरांशी बोला. आणि पातळ शौच तेलकट, फिकट, भांड्याला चिकटणारं, वर तरंगणारं असेल, तेही साध्या जेवणावर, तर तिथे तुपाचा संशय पहिल्यांदाच खरा ठरेल. ते स्वादुपिंडाचं काम असू शकतं, त्याची तपासणी वेगळी.